खोक्यातून गेलेला चार्जर आणि खोक्यावर राहिलेले वॅट

मागच्या महिन्यात भाच्यानं नवा फोन घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '४५ वॅट फास्ट चार्जिंग सपोर्ट'. आत फोन, केबल, सिम काढायची पिन आणि कागदं. चार्जर नाही. तो पुन्हा बाजारात गेला आणि स्टँडवरच्या एका दुकानातून साडेचारशे रुपयांत '६५ वॅट' लिहिलेला चार्जर घेऊन आला. ४५ चा फोन आणि ६५ चा चार्जर, म्हणजे वीस वॅट वरचेच मिळाले, असा त्याचा हिशोब. संध्याकाळी फोन लावला तर पूर्ण व्हायला पावणेतीन तास लागले. "मामा, फोनच डिफेक्टिव्ह दिला वाटते," म्हणाला.

फोन बदलून आणायला निघालेल्या त्याला मी थांबवलं. आमच्या ओळखीच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे एक छोटा मीटर असतो. केबल आणि चार्जरच्या मध्ये लावायचा, त्यावर व्होल्ट, अँपिअर आणि वॅट दिसतात. हजार रुपयांच्या आत मिळतो. आम्ही दोघं त्याच्या टपरीवर जाऊन बसलो. मीटरवर आकडा आला ४.९ व्होल्ट, १.८ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार करा, नऊ वॅटसुद्धा पूर्ण नाहीत.

रिपेअरिंगवाल्यानं चार्जर उलटा केला आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून खालची बारीक अक्षरं दाखवली. आउटपुट ५ व्होल्ट, २.४ अँपिअर. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. पुढच्या बाजूला ६५, मागच्या बाजूला १२, आणि दोन्ही एकाच डबीवर छापलेलं. "भाऊ, समोरचं गिऱ्हाइकासाठी असते, मागचं कायद्यासाठी," तो म्हणाला. खरं तर मागचंही कायद्यात बसत नव्हतं, ते पुढे सांगतो.

ही पोस्ट त्या डबीबद्दल नाही. चार्जर ही वस्तू वीस वर्षांत कुठून कुठे गेली याबद्दल आहे, कारण तो इतिहास माहीत नसेल तर वॅटचा आकडा वाचताच येत नाही.

माझ्या वयाच्या लोकांना नोकियाची पिन आठवत असेल. आधी जाडी, मग बारीक. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "बारक्या पिनचा चार्जर आहे का?" दुसऱ्या कंपन्यांच्या पिना वेगळ्या, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्याही वेगळ्या. एस.टी. स्टँडवर एका वायरीला पाच-सहा शेपट्या असलेला चार्जर मिळायचा, तो घेतला की सगळ्या घराचं भागायचं. तेव्हा फोन बदलला की जुना चार्जर ड्रॉवरमध्ये पडायचा. या ड्रॉवरमधल्या कचऱ्यावर पहिला मोठा सरकारी घाव घातला चीननं. २००६ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या माहिती उद्योग मंत्रालयानं मानक काढलं, की भिंतीवरच्या ठोकळ्याला यूएसबीचं तोंड असलं पाहिजे आणि केबल सुटी असली पाहिजे. आज आपण ज्याला चार्जर म्हणतो, म्हणजे वेगळा ठोकळा आणि वेगळी वायर, ती रचना सर्वत्र रुळण्यामागे या नियमाचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये युरोपियन कमिशननं मोठ्या फोन कंपन्यांकडून करार करून घेतला, फोनकडच्या टोकाला मायक्रो यूएसबी. कायदा नव्हता, स्वेच्छेचा करार होता, पण बराचसा पाळला गेला.

म्हणजे २०१० च्या आसपास अशी स्थिती आली की कुणाचाही चार्जर कुणालाही चालायचा. फक्त हळू. कारण यूएसबी मुळात कॉम्प्युटरला माउस-कीबोर्ड जोडायला निघालेली गोष्ट. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. पुढे चार्जिंगसाठी तिची मर्यादा दीड अँपिअरपर्यंत वाढवली, म्हणजे साडेसात वॅट. फोनच्या बॅटऱ्या मात्र दीड हजारावरून तीन हजार एमएएचवर गेल्या. तासन् तास फोन भिंतीला लटकलेला. इथे कंपन्यांना विकायला नवी गोष्ट सापडली, वेग.

वेग वाढवायचे दोन रस्ते होते आणि इथेच सगळी वाट फुटली. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. क्वालकॉमनं क्विक चार्जमध्ये व्होल्ट वाढवले, ५ च्या जागी ९, १२. केबल तीच चालते, कारण करंट फार वाढत नाही. पण बॅटरीला लागतात चार-साडेचार व्होल्ट, त्यामुळे आलेले नऊ व्होल्ट फोनच्या आत उतरवावे लागतात, आणि त्या उतरवण्यात फोन तापतो. ओप्पोनं २०१४ मध्ये फाइंड ७ या फोनबरोबर व्हूक आणलं, ते नेमकं उलटं. व्होल्ट पाचच्या आसपास ठेवले, करंट चार अँपिअरच्या वर नेला. उतरवायचं काम फोनमधून काढून भिंतीवरच्या ठोकळ्यात टाकलं. म्हणून तो ठोकळा जाडजूड होता, केबलही जाड आणि तिला जादा पिना. फोन थंड राहिला. 'पाच मिनिटं चार्ज, दोन तास बोला' अशी त्यांची जाहिरात होती आणि ती फार खोटी नव्हती.

पण किंमत अशी, की चार्जर हा आता फोनचाच अर्धा भाग झाला. तो ठोकळा, ती केबल आणि तो फोन तिघं एकमेकांशी बोलून ओळख पटवत असत आणि मगच वेग सुरू होत असे. एक जरी परका असला तरी सगळे गुपचूप ५ व्होल्टवर येत. ज्या भांडणातून चीन आणि युरोपनं लोकांना बाहेर काढलं होतं, ते भांडण पाच वर्षांत परत आलं. फरक एवढाच की पूर्वी पिन जायचीच नाही, त्यामुळे कळायचं. आता पिन जाते, बाण दिसतो, फोन चार्ज होतो, आणि आपल्याला कळतच नाही की ६५ ऐवजी ९ मिळतायत.

भाच्याच्या बाबतीत झालं ते यातलंच. त्याचा फोन यूएसबी पॉवर डिलिव्हरी हे सगळ्यांसाठी खुलं असलेलं मानक वापरतो, आणि त्यातही पूर्ण ४५ साठी त्याला पीपीएस नावाची सोय लागते. पीपीएस म्हणजे फोन चार्जरला दर काही क्षणांनी सांगत राहतो, आता एवढे व्होल्ट दे, आता थोडे कमी कर. त्यामुळे उतरवायचं काम पुन्हा ठोकळ्याकडे जातं आणि फोन कमी तापतो. स्टँडवरच्या डबीला यातलं काहीच येत नव्हतं. नंतर आम्ही रिपेअरिंगवाल्याच्या लॅपटॉपचा चार्जर लावून पाहिला. तो खरा ६५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा, टाइप-सी. मीटरवर आले १५. कारण पॉवर डिलिव्हरी होती, पण पीपीएस नव्हतं, आणि या फोननं तेवढ्यावरच समाधान मानलं. तिसऱ्या खेपेला पीपीएस असलेला ४५ चा चार्जर आणि ५ अँपिअरची केबल लावली, तेव्हा आकडा ३९ पर्यंत गेला. केबलचं महत्त्व लोक विसरतात. साध्या टाइप-सी केबलला ३ अँपिअरची मर्यादा असते. त्याच्या वर जायचं तर केबलच्या टोकात एक चिप लागते, जी सांगते की मला ५ अँपिअर झेपतात. ती नसेल तर चार्जर मुकाट्यानं खाली उतरतो.

आता चार्जर खोक्यातून कसा गेला ते.

१३ ऑक्टोबर २०२० ला ॲपलनं आयफोन १२ दाखवला आणि सांगितलं की यापुढे खोक्यात चार्जर नाही, इयरफोनही नाही. कारण दिलं पर्यावरणाचं. जगात आमचे दोन अब्ज ॲडॅप्टर आधीच आहेत, खोकं लहान झाल्यामुळे एका पॅलेटवर ७० टक्के जास्त खोकी बसतील, कार्बन एवढा वाचेल की जणू साडेचार लाख गाड्या रस्त्यावरून काढल्या. युक्तिवाद चुकीचा नाही. ड्रॉवर आपल्या सगळ्यांचे भरलेले आहेत. पण खोक्यात जी केबल दिली ती बघा. तिचं एक टोक टाइप-सी. आणि ॲपलनं त्याआधी वर्षानुवर्षं खोक्यात घालून दिलेले ५ वॅटचे ठोकळे जुन्या, चौकोनी यूएसबीच्या तोंडाचे. अगदी आदल्या वर्षीच्या आयफोन ११ मध्येही तोच. म्हणजे घरात असलेल्या ज्या चार्जरचा हवाला देऊन नवा काढून घेतला, त्या चार्जरमध्ये नवी केबल जातच नव्हती. जुनी केबल सांभाळून ठेवली असेल तर काम भागे, पण ५ वॅटवर. नवा २० वॅटचा ॲडॅप्टर भारतात १,९०० रुपयांना वेगळा विकायला ठेवला.

सॅमसंगनं तेव्हा फेसबुकवर चार्जरचा फोटो टाकून आमच्याकडे हा मिळतो असं म्हणून ॲपलला चिमटा काढला. जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ आला, चार्जरशिवाय. तोवर ती पोस्ट काढून टाकलेली होती. पत्रकार म्हणून मला अशा पुसलेल्या पोस्टींची फार मौज वाटते. मग गूगल, नथिंग आणि महाग फोनांची सगळी रांग. २०२२ च्या एप्रिलमध्ये रियलमीचा नारझो ५०ए प्राइम भारतात आला, तोही चार्जरविना, आणि तो काही लाखाचा फोन नव्हता, दहा-बारा हजारांच्या गटातला होता. माझ्या मते खरा बदल त्या दिवशी झाला. लाखाचा फोन घेणाऱ्याच्या घरी चार चार्जर असतात. दहा हजारांचा फोन हा पुष्कळदा घरातला पहिला टाइप-सी फोन असतो.

ब्राझीलमध्ये सरकारनं हे सहज घेतलं नाही. ६ सप्टेंबर २०२२ ला, आयफोन १४ यायच्या आदल्या दिवशी, तिथल्या न्याय मंत्रालयानं चार्जर नसलेल्या आयफोनची विक्री थांबवायचा आदेश दिला आणि सव्वा कोट रियालच्या घरातला दंड लावला. म्हणणं असं की अपुरी वस्तू विकली जातेय आणि खर्चाचा बोजा ग्राहकावर टाकला जातोय. ॲपल अपिलात गेलं. युरोपनं उलटी दिशा घेतली. त्यांच्या सामायिक चार्जरच्या कायद्यानं, जो फोनांना २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, ग्राहकाला चार्जरशिवाय फोन घेण्याची सोय दिलीच पाहिजे असं ठरवलं. पण त्याच कायद्यात दोन अटी आहेत. एक, टाइप-सी सगळ्यांना सक्तीचं, आणि फास्ट चार्जिंग असेल तर फोनला पॉवर डिलिव्हरी आलंच पाहिजे, स्वतःची खाजगी भाषा वरून ठेवायची तर ठेवा. दोन, खोक्यावर चित्रानं दाखवायचं की आत चार्जर आहे की नाही, आणि किमान किती व कमाल किती वॅटचा चार्जर लागेल ते छापायचं. ब्राझील आणि युरोप, दोन टोकांची उत्तरं वाटतात, पण प्रश्न दोघांनी एकच पकडला होता. चार्जर काढायचा तर काढा, पण माणसाला बाजारात आंधळं सोडू नका.

आपल्याकडे ज्या कंपन्यांनी खाजगी भाषा ठेवली त्यांनी चार्जरही बरीच वर्षं खोक्यात ठेवला. ठेवावाच लागला, कारण तो बाहेर मिळणारच नव्हता. आणि त्यांच्यातच मग आकड्यांची शर्यत लागली. २०१६ मध्ये २० वॅट म्हणजे नवल होतं. २०२० मध्ये शाओमीनं १२० वॅटचा फोन काढला, २०२३ मध्ये रियलमीनं २४० चा. त्याच वर्षी रेडमीनं ३०० वॅटचं प्रात्यक्षिक दाखवलं, पाच मिनिटांच्या आत फोन फुल्ल.

या आकड्यांचं करायचं काय? एक हिशोब करू, फोन बाजारात आलेला आणि आकडे कंपनीचेच. ६ जानेवारी २०२२ ला शाओमीनं भारतात एकाच दिवशी दोन जुळे फोन आणले. ११आय, ६७ वॅट. ११आय हायपरचार्ज, १२० वॅट, आणि दावा पंधरा मिनिटांत शंभर टक्के. त्या दुसऱ्याची बॅटरी ४,५०० एमएएच. बॅटरीचा सरासरी व्होल्टेज धरा ३.८७, तर आत मावणारी वीज झाली सुमारे १७.४ वॅट-तास. आता १२० वॅट जर खरोखर सतत आत गेले असते तर बॅटरी पावणेनऊ मिनिटांत भरली असती. कंपनी स्वतः म्हणते पंधरा. पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास, १७.४ भागिले पाव, सरासरी ७० वॅट. म्हणजे १२० हा आकडा खोटा नाही, तो शिखराचा आकडा आहे. सुरुवातीची काही मिनिटं, तीही चार्जरच्या टोकाला मोजलेली. प्रवासात गाडीनं एकदा शंभरचा वेग गाठला म्हणून तासाभरात शंभर किलोमीटर कापले असं होत नाही, तसंच.

आणि जुळ्या भावाची बॅटरी किती? ५,१६० एमएएच. म्हणजे वेगासाठी साडेसहाशे एमएएच सोडले. ही अदलाबदल जाहिरातीत कधी मोठ्या अक्षरात नसते. इतक्या वेगानं भरायची बॅटरी जरा वेगळी बांधावी लागते, एका ऐवजी दोन कप्पे, आत धातूच्या पट्ट्या जास्त, थर पातळ, आणि ही सगळी जागा साठवणुकीतून जाते.

भाच्याच्या फोनवर आम्ही हेच मीटर लावून पाहिलं. ५,००० एमएएच, म्हणजे १९ वॅट-तासांच्या थोडी वर. ४५ च्या चार्जरवर पहिली दहा-बारा मिनिटं ३९ वॅट, मग पंचवीसच्या आसपास, साठ टक्क्यांनंतर पंधरा, आणि नव्वदच्या पुढे पाच-सहा. एकूण एक तास दहा मिनिटं. सॅमसंगचा एस२२ अल्ट्रा २०२२ मध्ये आला तेव्हा २५ आणि ४५ वॅटच्या चार्जरमध्ये पूर्ण भरायला फक्त काही मिनिटांचा फरक पडतो असं अनेक तपासणाऱ्यांनी दाखवलं होतं, त्याचं कारण हेच. फरक पडतो तो सुरुवातीच्या वीस मिनिटांत. शेवटचे वीस टक्के सगळ्यांचे सारखेच रडत जातात.

ते रडत का जातात, यात बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. लिथियम बॅटरी चार्ज होते म्हणजे लिथियमचे आयन एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकामी एस.टी. फलाटावर लागली तर सगळे धडाधड चढतात, काही बिघडत नाही. गाडी भरत आली की आतल्यांना सरकायला वेळ लागतो. तेव्हाही बाहेरून तितक्याच जोरानं रेटलं तर लोक दारातच अडकतात. बॅटरीत हेच झालं तर लिथियम थरांत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतो. साचलेला बराचसा परत कामाला येत नाही, म्हणजे क्षमता कायमची गेली. म्हणून फोनच शेवटी करंट कमी करत नेतो. फोनच्या आतला हा बंदोबस्त नीट असेल तर १२० वॅटचा चार्जर लावला म्हणून बॅटरी मरत नाही, किती घ्यायचे ते फोन ठरवतो. 'जास्त वॅटच्या चार्जरनं बॅटरी फुटते' हे चौकातलं ज्ञान म्हणूनच अर्धवट आहे.

पण फुकटही नाही. २०२१ मध्ये शाओमीनं २०० वॅटचं प्रात्यक्षिक दाखवल्यावर सांगितलं होतं की ८०० वेळा चार्ज केल्यावर बॅटरीत ८० टक्के क्षमता राहते. ओप्पो-वनप्लसच्या घराण्यानं २०२२ मध्ये १५० वॅटबरोबर १,६०० वेळांचा दावा केला. दोन्ही १०० च्या वरचे वेग, आणि आयुष्यात दुपटीचा फरक. म्हणजे आयुष्य वॅटवर कमी आणि बॅटरी कशी बांधली, किती तापू दिली यावर जास्त ठरतं. हे दावे प्रयोगशाळेतल्या सौम्य तापमानाचे असतात, हेही ध्यानात ठेवा.

आणि आमच्याकडे मे महिन्यात ४४.

मला वाटतं विदर्भ-मराठवाड्यात या विषयावर बोलायचं तर वॅट दुय्यम आहे, ऊन मुख्य आहे. बॅटरी युनिव्हर्सिटी या माहितीस्थळाचा एक तक्ता बॅटरीवाले नेहमी दाखवतात. लिथियम बॅटरी नुसती ठेवून दिली, वापरलीच नाही, तर वर्षभरानं किती क्षमता उरते याचा. २५ अंशांत ४० टक्के चार्ज करून ठेवली तर ९६ टक्के. त्याच २५ अंशांत पूर्ण भरून ठेवली तर ८०. ४० अंशांत पूर्ण भरून ठेवली तर ६५. हे बारा महिने सतत ४० अंशांचे आकडे आहेत, आपल्याकडे तसं नसतं, पण दिशा कळते. उष्णता आणि भरलेलं पोट एकत्र आले की बॅटरी पडल्या जागी म्हातारी होते, चार्जर ५ चा असो की १२० चा. ॲपलही ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरू नका म्हणतं. इथे मार्च ते जून दुपारभर ते पाळायचं कुठे?

रिपेअरिंगवाल्याचा अनुभव याला धरूनच. फुगलेल्या बॅटऱ्या त्याच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी जास्त येतात, आणि त्यात दुचाकीच्या हँडलला फोन लावून डिलिव्हरी करणारी पोरं, पत्र्याच्या दुकानात दिवसभर फोन चार्जिंगला ठेवून पेमेंटचा आवाज ऐकणारे दुकानदार जास्त. हे दुकानदार बहुतेक साध्या दहा वॅटच्या चार्जरवर असतात. फास्ट चार्जिंगचा संबंधच नाही. सतत शंभर टक्के आणि सतत ऊन, एवढं पुरतं. त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये आता ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच फोनांत आली आहे, ती लावली तर फरक पडतो. उलट लोडशेडिंगमध्ये अर्धा तास लाइट आली की पन्नास टक्के भरून घ्यायचे, यात काही चूक नाही. रिकाम्या बॅटरीला वेग झेपतो. फक्त कव्हर काढा आणि तेव्हा गेम खेळू नका.

बॅटरी खराब झाली हे लोकांना कळतं कसं, याचाही एक इतिहास आहे, आणि तो कंपन्यांनी आपणहून सांगितलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये जॉन पूल या सॉफ्टवेअरवाल्यानं आयफोनच्या वेगाचे आकडे मांडून दाखवलं की जुने फोन ठराविक पायऱ्यांनी मुद्दाम हळू केल्यासारखे दिसतात. दोन दिवसांत ॲपलनं कबूल केलं, की बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आम्ही वेग कमी करतो. कारण तांत्रिकदृष्ट्या योग्य होतं, पण सांगितलं नव्हतं. लोकांनी नवी बॅटरी टाकायच्या ऐवजी नवे फोन घेतले. मग बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला, फ्रान्सनं अडीच कोटी युरोंचा दंड केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सेटिंगमध्ये बॅटरीच्या तब्येतीचा टक्का दिसायला लागला. आज अनेक अँड्रॉइड फोनांतही तो किंवा चार्जिंगच्या फेऱ्यांचा आकडा दिसतो.

ज्यांच्यात दिसत नाही त्यांच्यासाठी तोच छोटा मीटर. नवा असताना फोन पूर्ण उतरवून बंद स्थितीत शंभरपर्यंत भरा आणि मीटरवर एकूण किती वॅट-तास गेले ते लिहून ठेवा. भाच्याच्या फोनला २२ गेले, त्यातले १९ च्या आसपास बॅटरीत साठले, बाकीची उष्णता झाली. दोन वर्षांनी तोच चार्जर, तीच केबल लावून १७ गेले तर १७ भागिले २२, बॅटरी ७७ टक्क्यांवर आली. आम्ही २२ हा आकडा खोक्याच्या झाकणाच्या आत पेननं लिहून ठेवलाय.

स्टँडवरच्या त्या डबीचं काय झालं ते राहिलं. आपल्याकडे ॲडॅप्टरला बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे, २०१२ च्या आदेशापासून. डबीवर मानकाची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू दिसते. या डबीवर खूण होती, क्रमांक होता, आणि ॲपमध्ये टाकला तर सापडला नाही. दुकानदारानं खळखळ न करता पैसे परत दिले, तो बिचारा स्वतःच कुठून तरी शेकड्यानं आणतो. पीपीएस असलेला चार्जर आणि केबल मिळून भाच्याला वर सतराशे रुपये पडले. खोक्यावर '४५ वॅट सपोर्ट' होतं. 'पीपीएस लागेल, ५ अँपिअरची केबल लागेल' हे कुठेच नव्हतं.

युरोपात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीनं ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमता धरली पाहिजे असा नियम आहे, आणि किती फेऱ्या टिकेल तो आकडा लेबलवर छापावा लागतो. त्याच कंपन्या, पुष्कळदा तेच मॉडेल. भाच्याच्या खोक्याच्या सहाही बाजू मी भिंग घेऊन वाचल्या. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आहेत, स्क्रीनचे इंच आहेत, ४५ वॅट दोनदा आहे. तो आकडा नाही.